योगवर्गाचं बोलणं, आसनांचा क्रम

योगवर्गाचं रेकॉर्डिंग लिहून काढलं की त्यात आसनांइतकीच इतर बडबड सापडते. घरी सराव करणाऱ्याला हवं असतं ते एवढंच: कोणती स्थिती, आणि तिथे जाताना श्वास घ्यायचा की सोडायचा. सूर्यनमस्काराचा असा एक उतारा घेऊ, साधारण कुठल्याही वर्गात ऐकू येईल असा.

‘हात नमस्कारात. श्वास घ्या, हात वर, थोडे मागे. सोडत सोडत खाली वाका. काकू, गुडघा वाकला तरी चालेल. श्वास घेत उजवा पाय मागे... नाही नाही, उजवा! मान वर. आता डावाही मागे, कंबर उचला, श्वास सोडा. गुडघे, छाती, हनुवटी जमिनीला. आणि घेत घेत छाती वर.’

आधी कोणतं वाक्य कुणाला उद्देशून आहे ते पाहावं. ‘नाही नाही’ हे कुणा एकाचा पाय चुकला म्हणून आलंय. त्याने क्रम बदलत नाही, ते गाळायचं. काकूंना दिलेली सवलत मात्र अनेकांच्या कामाची, म्हणून ती टीप म्हणून ठेवावी.

खरी मेख श्वासात आहे. प्रशिक्षक कधी श्वास आधी सांगतात, कधी हालचाल झाल्यावर. ‘श्वास घ्या’ हे नमस्काराच्या लगेच पुढे आलं म्हणून नमस्काराला चिकटवलं, तर पुढचं सगळं एक घर सरकतं. श्वास पुढच्या स्थितीत नेणाऱ्या हालचालीचा असतो, हे धरून मांडलं की क्रम असा लागतो: प्रणामासन, श्वास घेत हस्त उत्तानासन, सोडत पादहस्तासन, घेत अश्वसंचलनासन, उजवा पाय मागे, सोडत पर्वतासन, मग अष्टांग नमस्कार, घेत भुजंगासन.

आता नुसते श्वासच ओळीने वाचा. घेत, सोडत, घेत, सोडत असं आलटून पालटून जातं आणि अष्टांग नमस्कारापाशी अडतं, कारण तिथे उताऱ्यात श्वासाचा उल्लेखच नाही. प्रचलित बारा स्थितींच्या अनेक पद्धतींत तिथे श्वास बाहेरच रोखतात. पण म्हणून पुस्तकातून ‘रोखा’ उचलून लिहू नये. पद्धती एकसारख्या नाहीत. औंधच्या पंतप्रतिनिधींनी प्रचारात आणलेल्या सूर्यनमस्कारात तर दहाच स्थिती होत्या. शिवाय रक्तदाब असणाऱ्यांना श्वास रोखू नका असंच सहसा सांगतात. ती जागा रिकामी ठेवून खूण करावी.

शेवटी येतं ‘आता दुसऱ्या बाजूने’. वर्गात तेवढं पुरतं, कागदावर नाही. डावा पाय मागे घेऊन सगळा क्रम पुन्हा पूर्ण लिहावा लागतो.

तयार क्रम वाटण्यापूर्वी प्रशिक्षकांना वाचून दाखवा, आणि रिकामी जागा त्यांच्याकडूनच भरून घ्या.