तारुण्याची कॅप्सूल आणि सहा मिनिटांची चाल

ठाकूरद्वार नाक्यावरून चालत निघालं की दहा-पंधरा मिनिटांत प्रिन्सेस स्ट्रीट येतो. औषधांचा हा जुना घाऊक बाजार इतका जवळ असल्यामुळे कुठली गोळी कुठे स्वस्त मिळते, हे गिरगावातल्या ज्येष्ठांना पाठ असतं. पण अलीकडे त्यांच्या बोलण्यात एक अशी डबी येऊ लागली आहे, जिचा भाव विचारून खरा निर्णय होत नाही. कधी ती परदेशातला मुलगा सुट्टीवर येताना आणतो, कधी ती घरबसल्या मागवली जाते. डबीवर 'एनएमएन' किंवा 'एनआर' ही अक्षरं असतात आणि वय मागे नेण्याचं आश्वासन असतं. पेन्शनमधून दर महिन्याला एवढी रक्कम बाजूला काढावी का, हा प्रश्न साधा आहे. त्याचं उत्तर माणसांवर झालेल्या चाचण्यांतच शोधायला हवं.

एनआर म्हणजे निकोटिनामाइड रायबोसाइड आणि एनएमएन म्हणजे निकोटिनामाइड मोनोन्यूक्लिओटाइड. दोन्ही ब-3 जीवनसत्त्वाच्या कुटुंबातले पदार्थ आहेत. शरीर त्यांच्यापासून एनएडी नावाचा रेणू बनवतं. अन्नातून ऊर्जा काढण्याच्या कामात प्रत्येक पेशीला तो लागतो, आणि डीएनएची दुरुस्ती करणारी प्रथिनंही तो खर्च करतात. वय वाढतं तसं काही अवयवांत एनएडीचं प्रमाण घटतं, असं काही अभ्यासांत दिसलं आहे. कॅप्सूलचा सगळा युक्तिवाद या घटीवर उभा आहे: जे कमी झालं ते भरून काढा, म्हणजे म्हातारपण लांबेल.

ब-3 कमी पडलं तर काय होतं, हे दख्खनने प्रत्यक्ष पाहिलं आहे. ज्वारीवरच दिवस काढणाऱ्या गरीब शेतमजुरांत पेलाग्रा हा आजार दिसायचा. उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडून सोलायची, जुलाब लागायचे आणि पुढे भ्रम व्हायचा. पोषणतज्ज्ञ सी. गोपालन आणि त्यांचे सहकारी एस. जी. श्रीकांतिया यांनी 1960 मध्ये या आजाराचा संबंध ज्वारीतल्या ल्युसीन या घटकाशी जोडणारा निबंध प्रसिद्ध केला. अशा रुग्णाला साधं, स्वस्त ब-3 दिलं तर तो बरा होतो, कारण तिथे खरी तूट असते. ठाकूरद्वारच्या ज्या घरात पोळी-भाकरी, डाळ, दूध, शेंगदाणे आणि अधूनमधून मासळी असते, तिथे अशी तूट नसते. त्यामुळे इथे वेगळाच प्रश्न विचारावा लागतो: पुरेसं असताना आणखी घातलं तर फायदा होतो का?

आधी जे सिद्ध झालं आहे ते मान्य करू. या कॅप्सूल घेतल्यावर रक्तातलं एनएडी वाढतं. 2018 मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाने 55 ते 79 वयाच्या निरोगी माणसांना रोज 1,000 मिलिग्रॅम एनआर सहा आठवडे दिलं, तेव्हा रक्तपेशींतलं एनएडी सुमारे 60 टक्क्यांनी वाढलं. पुढच्या चाचण्यांनीही हेच दाखवलं. पण रक्तातला आकडा वाढणं आणि माणूस तरतरीत होणं यांत मोठं अंतर आहे. हे अंतर समजून घ्यायला भारतातच झालेली एक चाचणी उपयोगी पडते. एनएमएनच्या जाहिरातींना आधार म्हणून ती नेहमी पुढे केली जाते.

या चाचणीत 40 ते 65 वयाचे 80 निरोगी स्त्री-पुरुष होते. तिची नोंद भारताच्या चाचणी-नोंदवहीत आहे, आणि तिचे निष्कर्ष डिसेंबर 2022 मध्ये 'जेरोसायन्स' या नियतकालिकात आले. लोकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे चार गट पाडले. एका गटाला तशीच दिसणारी पण औषध नसलेली कॅप्सूल मिळाली. बाकीच्या तीन गटांना रोज 300, 600 किंवा 900 मिलिग्रॅम एनएमएन. कोणाला काय मिळतंय, हे घेणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं आणि तपासणाऱ्यालाही. साठ दिवसांनी एनएमएन घेणाऱ्यांचं रक्तातलं एनएडी वाढलेलं होतं, आणि सहा मिनिटांत ते पूर्वीपेक्षा जास्त अंतर चालत होते. 600 मिलिग्रॅमचा डोस सर्वांत योग्य, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला.

सहा मिनिटांची चाल ही वैद्यकातली जुनी, विश्वासाची परीक्षा आहे. सुमारे 30 मीटरच्या सपाट मार्गिकेत, म्हणजे गिरगावातल्या एखाद्या मोठ्या चाळीच्या गॅलरीएवढ्या जागेत, माणसाला सहा मिनिटं जमेल तितकं भरभर येरझारा घालायला सांगतात आणि एकूण अंतर मोजतात. हृदय, फुप्फुसं, पाय यांची एकत्रित ताकद त्यात दिसते. पण या परीक्षेला एक मर्यादा आहे. दुसऱ्यांदा चालताना वळणं आणि वेग यांचा अंदाज आलेला असतो, त्यामुळे औषध न घेताही अंतर वाढू शकतं. शिवाय ते माणसाच्या उमेदीवर अवलंबून असतं. म्हणूनच औषध नसलेल्या गटाशी तुलना लागते आणि माणसंही भरपूर लागतात. इथे एका गटात फक्त वीस होती.

याच चाचणीतला दुसरा निष्कर्ष जाहिरातीत ठळक छापला जातो: एनएमएन घेणाऱ्यांचं 'जैविक वय' स्थिर राहिलं आणि न घेणाऱ्यांचं वाढलं. हे वय रक्ततपासणीच्या नेहमीच्या आकड्यांवरून एका संगणकीय सूत्राने काढलं होतं. आता नीट विचार करा. औषध न घेणारा माणूस साठ दिवसांत साठ दिवसांनीच म्हातारा होणार. तेवढ्या काळात त्याचं जैविक वय लक्षणीय वाढलेलं दिसत असेल, तर मोजपट्टीच डळमळीत आहे असं समजावं. तिच्या आधारे दुसऱ्या गटाचं वय थांबलं म्हणणं धाडसाचं ठरतं. इन्सुलिनला शरीर कसा प्रतिसाद देतं, हेही या चाचणीत पाहिलं होतं. त्यात ठोस फरक पडला नाही. शिवाय चाचणीमागे एनएमएन बनवणारी कंपनी होती. एवढ्याने निष्कर्ष खोटे ठरत नाहीत, पण कंपनीशी संबंध नसलेल्या कोणी मोठ्या संख्येवर हाच प्रयोग करून दाखवेपर्यंत थांबायला हवं.

बाकीच्या चाचण्यांचं चित्रही असंच अर्धवट आहे. 2021 मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या 25 स्त्रियांवर प्रयोग केला. त्यातल्या 13 जणींना रोज 250 मिलिग्रॅम एनएमएन दहा आठवडे दिलं. त्यांचे स्नायू इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देऊ लागले, पण वजन, रक्तातली साखर, रक्तदाब आणि यकृतातली चरबी यांत बदल झाला नाही. त्याआधी 2018 मध्ये डेन्मार्कमध्ये 40 स्थूल पुरुषांवर झालेल्या चाचणीत रोज तब्बल 2,000 मिलिग्रॅम एनआर बारा आठवडे देऊनही इन्सुलिनच्या बाबतीत काहीच सुधारलं नव्हतं. आयुष्य वाढण्याबद्दल तर माणसांवरचा पुरावाच नाही. उंदरांवर अमेरिकेत तीन प्रयोगशाळांत एकाच वेळी एनआरची परीक्षा झाली, आणि त्यांचं आयुष्य वाढलं नाही.

एक निकाल मात्र लक्ष ठेवण्याजोगा आहे. पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या माणसाला थोडं चालताच पोटऱ्यांत कळ येते आणि थांबलं की ती जाते. मधुमेही आणि धूम्रपान करणाऱ्यांत हा आजार जास्त आढळतो. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत अशा 90 रुग्णांपैकी काहींना रोज 1,000 मिलिग्रॅम एनआर सहा महिने दिलं. सहा मिनिटांच्या चालीत औषध नसलेल्या गटाच्या तुलनेत त्यांना सरासरी 17.6 मीटरचा फायदा झाला. गॅलरीच्या निम्म्याहून थोडं अधिक अंतर. रुग्णासाठी एवढंही मोलाचं ठरू शकतं, पण मोठ्या चाचणीत ते पुन्हा दिसायला हवं. ठाकूरद्वारच्या ज्या आजोबांना चर्नी रोड स्टेशनपर्यंत जाताना वाटेत दोनदा थांबावं लागतं, त्यांनी या बातमीवरून कॅप्सूल मागवू नये. त्यांनी पायांतला रक्तप्रवाह तपासून घ्यावा. त्या आजारावर खात्रीचे उपचार आहेत, आणि तो हृदयविकाराची आगाऊ सूचनाही असतो.

आता किमतीकडे येऊ. हिशेब डबीचा करू नका, चाचणीतल्या डोसाचा करा. समजा एका डबीत 250 मिलिग्रॅमच्या 60 कॅप्सूल आहेत आणि किंमत 2,500 रुपये आहे. डबीत एकूण 15,000 मिलिग्रॅम झालं. रोज 600 मिलिग्रॅमप्रमाणे ते 25 दिवस पुरेल. म्हणजे दिवसाला 100 रुपये, वर्षाला 36,500. 'रोज एक कॅप्सूल' घेऊन हीच डबी दोन महिने चालवली, तर खर्च कमी होतो, पण डोसही 250 वर येतो आणि भारतीय चाचणीचा हवाला त्याला लागू राहत नाही. एनआरच्या 300 मिलिग्रॅमच्या 30 कॅप्सूल 1,000 मिलिग्रॅमच्या हिशेबाने जेमतेम नऊ दिवस पुरतात.

डबीत लिहिलेलं खरंच आहे का, हा त्यापुढचा प्रश्न. 2021 मध्ये अमेरिकेत ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या 22 एनएमएन उत्पादनांची तपासणी झाली, तेव्हा निम्म्याहून अधिक डब्यांत एनएमएन जवळपास नव्हतंच. ही तपासणी एनआर विकणाऱ्या प्रतिस्पर्धी कंपनीने केली होती, हे लक्षात ठेवूनही आकडा काळजीचा आहे. आपल्याकडे डबीवरचा एफएसएसएआयचा 14 अंकी क्रमांक उत्पादकाचा परवाना दाखवतो. कॅप्सूल गुणकारी असल्याचा दाखला त्याने मिळत नाही. विकत घ्यायचीच असेल, तर त्या विशिष्ट बॅचचा स्वतंत्र प्रयोगशाळेचा अहवाल मागा. तो मिळत नसेल तर व्यवहार तिथेच थांबवा.

काही आठवडे ते काही महिन्यांच्या चाचण्यांत गंभीर दुष्परिणाम फारसे दिसले नाहीत. पण ही कॅप्सूल वर्षानुवर्षं घ्यायची म्हणून विकली जाते, आणि तेवढ्या काळाचा पुरावा नाही. शरीर जादा ब-3 बाहेर टाकताना जे पदार्थ तयार करतं, त्यांतल्या एकाचा हृदयविकाराशी संबंध 2024 च्या एका अभ्यासात आढळला. तो केवळ संबंध आहे, कारण नव्हे. तरी ज्याला आधीच हृदयविकार आहे त्याने सावध राहावं. कर्करोग झालेल्यांनी किंवा उपचार चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये, कारण एनएडी गाठीतल्या पेशींनाही लागतं.

कॅप्सूलशिवाय दुसरी वाटही आहे. शरीर एनएडी पुन्हा पुन्हा बनवण्यासाठी एक विकर वापरतं आणि स्नायूंत ते वयानुसार घटतं. बारा आठवडे नियमितपणे वेगवान हालचालींचा किंवा वजन उचलण्याचा व्यायाम केल्यावर ज्येष्ठांच्या स्नायूंत ते वाढलेलं डेन्मार्कमधल्या संशोधकांना आढळलं. ज्या रेणूसाठी वर्षाला 36,500 रुपये मागितले जातात, तो घडवणारी यंत्रणा अशीही हलवता येते, आणि व्यायामाने चाल सुधारते याचा पुरावा कॅप्सूलच्या पुराव्यापेक्षा कितीतरी भक्कम आहे.

म्हणून आजच्या पुराव्यावर निरोगी माणसाला ही किंमत परवडत असली, तरी ती रास्त नाही. मत बदलायला काय लागेल, तेही स्पष्ट आहे: कंपनीशी संबंध नसलेली, काही शे ज्येष्ठांवरची, किमान एक-दोन वर्षांची चाचणी, जिच्यात रक्तातल्या एनएडीऐवजी पडणं, जिने चढणं, इस्पितळात भरती होणं यांचा हिशेब मांडलेला असेल. तशी चाचणी कॅप्सूलच्या बाजूने लागेपर्यंत पेन्शनमधले ते पैसे रक्तदाब आणि साखरेच्या औषधांत खंड पडू न देण्यासाठी वापरावेत. त्या औषधांचा फायदा माणसांवर, मोठ्या संख्येने आणि वर्षानुवर्षं मोजून झालेला आहे.