पाहुण्यांच्या बैठकीसाठी ॲडमिनला मेल

बाहेरचे शिष्टमंडळ कार्यालयात येणार असले, की मीटिंग रूम, प्रोजेक्टर आणि चहा-नाश्ता यांची मागणी ॲडमिन विभागाकडे लेखी द्यावी लागते. बहुतेक कंपन्यांत ती मेलने जाते, काही ठिकाणी त्यासाठी ठरावीक फॉर्म असतो. मेल एकच असला, तरी तो वाचून कामाला लागणारे बरेच असतात. रूमच्या बुकिंगचा तक्ता सांभाळणारी व्यक्ती, आयटीचा माणूस, पॅन्ट्री किंवा कॅन्टीनचा कंत्राटदार आणि गेटवरचे सुरक्षारक्षक यांपैकी प्रत्येकाला त्यातली वेगळी ओळ हवी असते. ती नसली तर त्याचा फोन येतो, किंवा तो अंदाजाने काम उरकतो. यातला फोन बरा.

चाकणच्या एखाद्या सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याचे उदाहरण घेऊ. जर्मनीतल्या ग्राहक कंपनीचे सहा जण आणि त्यांच्या मुंबई कार्यालयातले दोघे मंगळवारी भेटीला येणार आहेत. खरेदी विभागाकडून असा मेल जातो : ‘मंगळवारी परदेशी पाहुणे येत आहेत. मोठी मीटिंग रूम, प्रोजेक्टर आणि चहा-नाश्त्याची उत्तम व्यवस्था करावी.’ यात ‘मोठी’ आणि ‘उत्तम’ या शब्दांनी जागा अडवली आहे. माणसे किती, किती वाजता, लॅपटॉप कोणाचा, खर्च कोणत्या विभागाच्या नावावर, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात मिळत नाही.

आकडा द्यायचा तो पाहुण्यांचा नव्हे, रूममध्ये बसणाऱ्या सगळ्यांचा. इथे पाहुणे आठ आणि यजमान नऊ, म्हणजे सतरा खुर्च्या. रूमच्या दारावर ‘क्षमता ३०’ असे लिहिलेले असते, तेव्हा तो आकडा बहुधा ओळीने मांडलेल्या खुर्च्यांचा असतो. टेबले इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकारात लावली की मधली जागा मोकळी राहते आणि त्याच रूममध्ये बरीच कमी माणसे मावतात. समोरासमोर चर्चा करायची असेल तर ‘यू’ मांडणी सोयीची, नुसते सादरीकरण ऐकायचे असेल तर ओळी चालतात. म्हणून माणसांच्या आकड्याला लागूनच मांडणीही लिहावी.

वेळेत हमखास घोटाळा होतो. बैठक साडेदहा ते साडेबारा असेल आणि बुकिंगही तेवढेच केले असेल, तर साडेदहापर्यंत आत दुसऱ्याच विभागाची बैठक चालू असते आणि पाहुणे बाहेर उभे राहतात. मागणीत रूम ताब्यात हवी ती वेळ लिहायची : साडेनऊ ते एक. पहिला तास टेबले लावायला आणि प्रोजेक्टर तपासायला, शेवटचा अर्धा तास लांबणाऱ्या चर्चेला. बैठकीची खरी वेळ वेगळ्या वाक्यात द्यावी, कारण चहा त्या हिशेबाने यायचा असतो.

प्रोजेक्टरबद्दल ‘प्रोजेक्टर हवा’ एवढे लिहून भागत नाही. सादरीकरण कोणाच्या लॅपटॉपवरून होणार, हे आयटीला आधी कळायला हवे. अनेक रूममध्ये टेबलावर एचडीएमआय केबल असते, पण नव्या सडपातळ लॅपटॉपला बऱ्याचदा फक्त यूएसबी-सी असते, आणि मग कन्व्हर्टर लागतो. पाहुणे पेनड्राइव्हमध्ये फाइल आणतात, पण यजमान कंपनीच्या लॅपटॉपवर यूएसबी बंद ठेवलेले असू शकते. अशा ठिकाणी फाइल आदल्या दिवशी मेलने मागवणे किंवा पाहुण्यांचाच लॅपटॉप जोडणे, यांतला एक मार्ग आधी ठरवावा लागतो. सादरीकरणात व्हिडिओ असेल तर तेही कळवावे, कारण चित्र दिसले तरी आवाज स्पीकरमधून येईलच असे नसते.

तपासणी आदल्या दिवशी, त्याच लॅपटॉपने आणि त्याच केबलने व्हावी. पाहुण्यांचा लॅपटॉप तेव्हा हाताशी नसतो, म्हणून त्यासाठी सकाळचा तो तास. पडद्यावर ‘No Signal’ दिसले, तर प्रोजेक्टरचा इनपुट चुकीच्या केबलवर असण्याची शक्यता मोठी. रिमोटवरच्या Source बटणाने तो बदलता येतो. इनपुट बरोबर असूनही चित्र येत नसेल, तर विंडोज लॅपटॉपवर `Windows + P` दाबून Duplicate निवडावे. चित्र फिकट दिसत असेल, तर प्रोजेक्टरवर संशय घेण्याआधी खिडकीचा पडदा ओढून पाहावा. सकाळच्या उन्हात पूर्वेकडच्या रूममध्ये बारीक आकड्यांचे तक्ते वाचता येत नाहीत, आणि पर्याय असेल तर रूम निवडतानाच हे बघितलेले बरे. जर्मन चार्जरची जाड गोल प्लग आपल्या सॉकेटमध्ये नीट बसेलच असे नाही, त्यामुळे सर्व देशांच्या प्लग चालणारा एक्स्टेन्शन बोर्ड त्याच ओळीत मागून ठेवावा.

नाश्त्याच्या बाबतीत शाकाहारी-मांसाहारी एवढे विचारून बहुतेक जण थांबतात. मराठी नाश्त्यातली खरी अडचण कांदा, बटाटा आणि शेंगदाण्याची आहे. कांदेपोहे किंवा बटाटेवडा जैन पाहुण्यांना चालत नाही. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याला पोहे आणि साबुदाण्याची खिचडी दोन्ही धोक्याचे, आणि नुसते बघून त्यातले कूट ओळखू येत नाही. म्हणून पाहुण्यांकडच्या समन्वयकाला आधी विचारून उत्तर मेलमध्ये लिहावे, ‘काही पथ्य नाही’ असे उत्तर आले तरीही. चहाबरोबर बिनसाखरेचा चहा आणि काळी कॉफी सांगितली, म्हणजे ऐन वेळी पॅन्ट्रीत धावपळ होत नाही. पाणी सीलबंद बाटल्यांतून द्यावे. पाहुण्यांना घेऊन आलेल्या दोन गाड्यांचे ड्रायव्हर कोणाच्याच यादीत नसतात, त्यांचा चहा-नाश्ता स्वतंत्र लिहावा लागतो.

हे सगळे धरून तोच मेल असा होतो :

‘विषय : मंगळवार, १८ नोव्हेंबर – ग्राहक भेट – रूम, प्रोजेक्टर, नाश्ता

नमस्कार, वरील दिवशी ८ पाहुणे येत आहेत (६ परदेशी). आमचे ९ जण धरून रूममध्ये १७ जण बसतील. पहिल्या मजल्यावरची रूम सकाळी ९.३० ते १.०० हवी, मांडणी ‘यू’ आकाराची. बैठक १०.३० ते १२.३० आहे.

सादरीकरण पाहुण्यांच्या लॅपटॉपवरून (यूएसबी-सी), त्यात व्हिडिओ आहे. कन्व्हर्टर, स्पीकर, पाहुण्यांसाठी वायफाय आणि परदेशी प्लगचा बोर्ड लागेल. आयटीने सोमवारी ४ वाजता आमच्या लॅपटॉपवर तपासणी करून द्यावी.

१०.१५ ला चहा-कॉफी, ११.३० ला नाश्ता, १७ जणांसाठी, रूमबाहेरच्या टेबलावर. सर्व शाकाहारी, दोघांसाठी जैन, एकाला शेंगदाणे वर्ज्य. ड्रायव्हर २, त्यांचा नाश्ता कॅन्टीनमध्ये.

गेटसाठी नावे आणि गाड्यांचे क्रमांक सोबत जोडले आहेत. खर्च खरेदी विभागाच्या खात्यावर, विभागप्रमुखांची मंजुरी जोडली आहे. अंतिम आकडा सोमवारी दुपारी १२ पर्यंत कळवू.’

नाश्ता रूमबाहेर मांडायला सांगण्यामागे कारण आहे. ट्रे घेऊन आत आलेला माणूस पडद्यासमोरून जातो आणि बोलणारा थांबतो. बैठक लांबली तर साडेअकराचा नाश्ता गार होतो, म्हणून पॅन्ट्रीला वेळेबरोबर एका माणसाचा फोन नंबरही द्यावा, जो दहा मिनिटे आधी इशारा देईल.

किती दिवस आधी कळवायचे, हे प्रत्येक कंपनीच्या नियमावर असते. बाहेरच्या केटररकडून मागवायचे असेल तर जास्त मुदत लागते, आणि परदेशी पाहुण्यांच्या प्रवेशाला काही कारखान्यांत वेगळी परवानगी घ्यावी लागते. आकडा बदलला तर नवा मेल सुरू न करता त्याच मेलला उत्तर द्यावे आणि पहिल्याच ओळीत ‘१७ ऐवजी २१’ असे लिहावे. दोन वेगळे मेल फिरू लागले की कॅन्टीनकडे जुना आकडा राहतो आणि रूममध्ये नवा.

बैठक संपल्यावर रूम रिकामी झाल्याचे ॲडमिनला कळवायचे आणि कन्व्हर्टर आयटीला परत द्यायचा. केटररच्या बिलावर सही करण्यापूर्वी ते मेलमधल्या अंतिम आकड्याशी ताडून पाहावे लागते. खाण्यापिण्याच्या खर्चावर भरलेल्या जीएसटीचे क्रेडिट कंपनीला सामान्यतः मिळत नाही, त्यामुळे तो कर धरूनच पूर्ण रक्कम मागणी करणाऱ्या विभागाच्या खात्यावर पडते.