अर्धा लिटर पाणी आणि दोन किलोंचा हिशोब

जेवणाआधी पाणी प्या, वजन दुप्पट वेगाने उतरेल, हा दावा आता घरोघरी पोहोचला आहे. त्याला ताजे बळ मिळाले ते नोव्हेंबर 2024 मध्ये. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी पाणी पिण्याविषयीच्या 18 चाचण्यांचा आढावा ‘जामा नेटवर्क ओपन’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि त्यातला एक आकडा सगळीकडे उचलला गेला: पाणी जास्त पिणाऱ्यांचे वजन इतरांपेक्षा 44 ते 100 टक्के जास्त घटले. आकडा खरा आहे. मात्र तो टक्क्यांत आहे, आणि टक्के कशाचे हे विचारल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही. एखाद्याचे वजन एक किलोने उतरले आणि दुसऱ्याचे दोन किलोने, तर फरक 100 टक्क्यांचा होतो. काट्यावर मात्र तो एका किलोचाच असतो. म्हणून बातमी बाजूला ठेवून ती ज्या चाचण्यांवर उभी आहे, त्यांच्याकडे जायला हवे. त्या वाचल्यावर पाण्याला थोडे श्रेय द्यावेच लागते. पण ज्या कारणांसाठी ते दिले जाते, त्यांतली बहुतेक चुकीची आहेत.

या विषयातले सगळ्यात महत्त्वाचे नाव ब्रेंडा डेव्ही यांचे. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठात त्यांनी पाण्यासारख्या साध्या गोष्टीवर चिकाटीने, पायरीपायरीने काम केले. 2008 साली त्यांच्या गटाने वजन जास्त असलेल्या 24 ज्येष्ठांना दोन वेगवेगळ्या दिवशी नाश्त्याला बोलावले. एका दिवशी नाश्त्याच्या अर्धा तास आधी अर्धा लिटर पाणी दिले, दुसऱ्या दिवशी दिले नाही, आणि समोरचे पदार्थ हवे तेवढे खाऊ दिले. पाण्याविना त्यांनी सरासरी 574 कॅलरी खाल्ल्या, पाण्यानंतर 500. म्हणजे 13 टक्के घट. 2010 साली याच गटाने पुढची पायरी गाठली. 55 ते 75 वयाच्या, वजन जास्त असलेल्या 48 जणांना 12 आठवडे कमी कॅलरींचा आहार दिला; त्यांतल्या निम्म्यांना रोजच्या तिन्ही जेवणांआधी अर्धा अर्धा लिटर पाणी प्यायला सांगितले. नुसता आहार पाळणाऱ्यांचे वजन पाच किलोंच्या आसपास उतरले, पाणी पिणाऱ्यांचे सातच्या आसपास. घटीचा वेग 44 टक्क्यांनी जास्त, असे शोधनिबंधाने म्हटले. बातम्यांतला 44 हा आकडा इथला आहे.

आता या दोन किलोंचा हिशोब मांडून पाहू. शरीरातली एक किलो चरबी घटवायला ढोबळमानाने 7,700 कॅलरींची तूट लागते. दोन किलोंसाठी 15,400. त्या 84 दिवसांवर वाटल्या, तर रोज सुमारे 180 कॅलरी होतात. नाश्त्याच्या प्रयोगात एका जेवणामागे 74 कॅलरी कमी खाल्ल्या गेल्या होत्या. तीन जेवणांचे 220 धरले, तर हिशोब बऱ्यापैकी जुळतो. त्यासाठी कोणतीही गूढ प्रक्रिया मानावी लागत नाही. पोटात जागा व्यापली गेली, ते ताणले गेले, तृप्ती थोडी लवकर आली आणि माणूस दोन घास कमी जेवला, एवढेच. पण डेव्हींच्याच चाचणीत एक नोंद आहे आणि बातम्यांनी ती सोडून दिली. दोन्ही गटांतल्या प्रत्येकाला सुरुवातीला आणि 12 आठवड्यांनंतर प्रयोगशाळेत एकदा पाण्यानंतर आणि एकदा पाण्याविना जेवू घातले होते. सुरुवातीला पाण्यामुळे जेवण सुमारे 43 कॅलरींनी कमी झाले. शेवटी हा फरक 26 कॅलरींवर आला आणि संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. म्हणजे शरीर या युक्तीला हळूहळू सरावते, अशी शंका घ्यायला जागा आहे. मग दोन किलो उतरले कसे? कदाचित पाण्याने दुसरी गोड पेये मागे सारली. कदाचित दिवसातून तीनदा बाटली हातात घेतल्यामुळे आहाराचे पथ्य तीनदा आठवले. औषधाच्या चाचणीत खोटी गोळी देता येते, खोटे पाणी देता येत नाही. आपण काय घेतो आहोत हे प्रत्येकाला ठाऊक असते, आणि ते ठाऊक असण्याचाही परिणाम होतो.

ही अडचण ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठातील संशोधकांनी 2015 साली हुशारीने हाताळली. लठ्ठपणा असलेल्या 84 जणांपैकी एका गटाला त्यांनी जेवणाआधी अर्धा तास अर्धा लिटर पाणी प्यायला सांगितले, तर दुसऱ्याला जेवणाआधी आपले पोट भरलेले आहे अशी कल्पना करायला सांगितले. दोन्ही गटांना काहीतरी करायला मिळाले, त्यामुळे तुलना अधिक न्याय्य झाली. आणि फरक आकसून 1.3 किलोंवर आला. याच चाचणीतला दुसरा आकडा जास्त गाजला: तिन्ही जेवणांआधी पाणी पिणाऱ्यांचे वजन 4.3 किलो उतरले, दिवसातून एकदाच पिणाऱ्यांचे किंवा अजिबात न पिणाऱ्यांचे जेमतेम 0.8 किलो. जितके जास्त पाणी तितका जास्त फायदा, असा अर्थ लगेच काढला गेला. पण तीनदा प्यायचे की एकदा, हे संशोधकांनी ठरवले नव्हते, लोकांनी आपापले ठरवले होते. जो माणूस 12 आठवडे दिवसातून तीनदा नेमाने पाणी पितो, तो जेवणाचे पथ्यही नेमाने पाळत असणार. ही घट पाण्याची किती आणि निग्रहाची किती, हे त्या आकड्यातून वेगळे काढता येत नाही. म्हणून 4.3 हा आकडा विसरावा आणि 1.3 लक्षात ठेवावा.

हा फायदा सगळ्यांना सारखा मिळत नाही. डेव्हींच्या गटाच्या 2007 सालच्या प्रयोगात अर्धा तास आधी पाणी पिऊन साठीपुढची माणसे कमी जेवली, पण 21 ते 35 वयाच्या तरुणांच्या जेवणात फरक पडला नाही. याचे संभाव्य कारण सरळ आहे. पाणी जठरात फार वेळ थांबत नाही. तरुणांच्या पोटातून निम्मे पाणी दहा-वीस मिनिटांत पुढे सरकते, वयानुसार हा वेग मंदावतो. या तर्काला पुढे आधारही मिळाला. 14 तरुण पुरुषांना नाश्त्याच्या अगदी तोंडावर सुमारे 570 मिलिलिटर पाणी दिले, तेव्हा त्यांचे खाणे 22 टक्क्यांनी कमी झाले. मात्र हा एका वेळच्या नाश्त्याचा प्रयोग आहे, महिनोन्महिन्यांच्या वजनाचा नव्हे. आहारावर असलेल्या लठ्ठ किशोरांना रोज आठ कप पाणी प्यायला सांगणाऱ्या 2017 सालच्या अमेरिकी चाचणीत पाण्याने वजनघटीत काहीच भर घातली नाही.

पाणी चरबी जाळते, हा दावा मात्र वेगळ्याच जातीचा. त्याचे मूळ 2003 सालच्या एका जर्मन अभ्यासात आहे. अर्धा लिटर पाण्यानंतर शरीराचा ऊर्जाखर्च 30 टक्क्यांनी वाढतो, असे त्यात आढळले. इथेही टक्क्यांचाच घोळ: एकूण जादा खर्च निघाला 24 कॅलरी. तीन वर्षांनी स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी तेच मोजले, तेव्हा साध्या पाण्याने वाढ दिसलीच नाही आणि बर्फासारख्या गार पाण्याने तासाभरात 4.5 टक्के दिसली. हे शाळेतल्या भौतिकशास्त्रानेही पडताळता येते. 4 अंशांचे अर्धा लिटर पाणी 37 अंशांवर आणायला साडेसोळा कॅलरी लागतात. सकाळच्या कोमट पाण्याला तेवढेही श्रेय देता येत नाही. ते 45 अंशांचे असेल तर उलट शरीरालाच चार कॅलरींची उष्णता देऊन जाते. त्यात छोटा चमचाभर मध घातला की आणखी 20 कॅलरी पोटात गेल्या. लिंबाने चव येते, चरबी वितळत नाही.

हे सगळे आपल्या ग्रंथांत आधीच आहे, असाही एक युक्तिवाद ऐकू येतो. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात तसा उल्लेख खरोखर आहे: जेवणाआधी पाणी पिणारा कृश होतो, जेवताना पिणारा सम राहतो, नंतर पिणारा स्थूल होतो. पण या दाखल्यातला पहिलाच भाग उचलला जातो. आयुर्वेदात कृशता हे आरोग्याचे लक्ष्य नाही. स्थूलतेप्रमाणे तोही एक टोकाचाच प्रकार आहे, आणि इष्ट अवस्था समतेची. म्हणजे हा श्लोक प्रमाण मानायचा, तर तो जेवताना पाणी पिण्याच्या बाजूने जास्त बोलतो. उलट बाजूचा आक्षेप असा, की पाण्याने पाचकरस पातळ होऊन अन्न पचत नाही. निरोगी जठराची आम्लता पाण्याने उतरते खरी, पण काही मिनिटांतच पूर्ववत होते. कमी जेवले जाते ते पचन बिघडल्याने नव्हे.

मग पाण्याची खरी ताकद कशात? ते कशाची जागा घेते, यात. दोन छोटे चमचे साखर घातलेल्या चहाच्या कपात नुसत्या साखरेच्या 40 कॅलरी असतात. दिवसाचे चार कप धरले तर 160, म्हणजे डेव्हींच्या चाचणीतल्या रोजच्या तुटीच्या जवळपास. यावरही भरमसाट आशा बांधू नये. अमेरिकेत 318 जणांना 6 महिने गोड पेयांऐवजी पाणी किंवा साखरविरहित पेये दिली, तेव्हा सरासरी वजनघट दोन-अडीच टक्केच झाली, आणि नुसता सर्वसाधारण आहारसल्ला मिळालेल्या गटापेक्षा ती लक्षणीय वेगळी नव्हती. माणूस एका दाराने कमी करतो आणि दुसऱ्याने भरून काढतो. पण निदान इथे वाचलेली कॅलरी खरी असते, कल्पनेतली नसते.

तेव्हा निवाडा असा: वय पन्नाशीपुढचे आहे, आहार मुळातच आवरलेला आहे, तर प्रत्येक मुख्य जेवणाआधी अर्धा तास दोन मोठे पेले साधे पाणी पिऊन पाहायला हरकत नाही. तीन महिन्यांत एक ते दोन किलो जादा उतरतील, एवढीच अपेक्षा ठेवावी. आहार न आवरता नुसते पाणी वाढवून वजन उतरेल, असे हे पुरावे सांगत नाहीत. ज्यांना मूत्रपिंडाचा किंवा हृदयाच्या अशक्तपणाचा विकार आहे आणि डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. निरोगी मूत्रपिंडेही तासाला लिटरभराच्या आसपासच पाणी बाहेर टाकू शकतात. त्याहून जास्त घटाघट प्यायल्यास रक्तातले सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. आणि गार, कोमट, मधाचे, लिंबाचे किंवा महागड्या बाटलीतले खास पाणी वजन उतरवते, असे कोणी सांगितले, तर किती किलो, किती दिवसांत आणि कशाच्या तुलनेत, हे तीन प्रश्न त्याला जरूर विचारावेत.