प्रश्नाची परीक्षा

विद्यार्थिनींची परीक्षा झाली, गुण लागले, यादी फलकावर चढली, म्हणजे काम संपले असे बहुतेक शिक्षिका समजतात. परंतु त्याच उत्तरपत्रिकांतून दुसरी एक परीक्षा घेता येते, आणि ती म्हणजे प्रश्नांची. नागपूरच्या प्रताप नगरात परिचारिकांना शिकविणाऱ्या एखाद्या शिक्षिकेने साठ विद्यार्थिनींची बहुपर्यायी प्रश्नांची चाचणी घेतली, असे उदाहरणादाखल धरावे.

प्रथम साऱ्या उत्तरपत्रिका एकूण गुणांच्या उतरत्या क्रमाने रचाव्यात. वरच्या शेकडा २७ व खालच्या शेकडा २७ वेगळ्या काढाव्यात. मधल्या बाजूस ठेवाव्यात. २७ हा आकडा लहरीचा नव्हे. ट्रूमन केली या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३९ साली गणिताने असे दाखविले की, दोन्ही टोकांचा फरक ठळक दिसावा आणि गट फार लहानही होऊ नयेत, या दोन गोष्टींचा मेळ येथे उत्तम बसतो. साठांपैकी २७ टक्के म्हणजे सोळा. हे सोळा-सोळांचे दोन गट झाले, की प्रत्येक प्रश्नाचा कोणता पर्याय कोणत्या गटात कितींनी निवडला, हे मोजावयाचे.

आता एक प्रश्न घ्यावा. प्रसूतीनंतर एका तासाने गर्भाशय मऊ लागते, नाभीच्या वर आहे व उजवीकडे सरकलेले आहे. परिचारिकेने प्रथम काय करावे? पर्याय चार: गर्भाशयाची मालिश करणे, मूत्राशय रिकामे करविणे, रक्तदाब मोजणे, पाय उंच करणे. शिक्षिकेच्या उत्तरसूचीत मालिश हे बरोबर उत्तर आहे. वरच्या सोळांपैकी पाचजणींनी मालिश निवडली, दहाजणींनी मूत्राशय, एकीने रक्तदाब. खालच्या सोळांत नऊजणींनी मालिश, तिघींनी मूत्राशय, दोघींनी रक्तदाब व दोघींनी पाय उंच करणे.

दोन्ही गटांतील बरोबर उत्तरे मिळून चौदा. त्यांना बत्तिसांनी भागिले असता ०.४४ येते. हा काठिण्य निर्देशांक. नाव थोडे फसवे आहे, कारण तो जितका मोठा तितका प्रश्न सोपा. ०.४४ म्हणजे प्रश्न मध्यम. एवढेच पाहून थांबणारी शिक्षिका समाधानाने पुढे जाईल.

परंतु वरच्या गटातील पाचातून खालच्या गटातील नऊ वजा करून सोळांनी भागावे. उत्तर येते उणे ०.२५. हा भेदन निर्देशांक. ०.४० वा अधिक असला तर प्रश्न उत्तम, ०.२० च्या खाली गेला तर सदोष, असा अमेरिकन परीक्षातज्ज्ञ एबल यांनी दिलेला ढोबळ दंडक आहे. उणे येणे याचा अर्थ असा की, अधिक जाणत्या विद्यार्थिनीच येथे चुकल्या. असे दिसताच दोष मुलींवर न टाकता आधी उत्तरसूची पाहावी, मग प्रश्नाचे शब्द.

येथे दोष शब्दांत आहे. गर्भाशय मऊ असेल तर मालिश, हा धडा दुर्बल मुलींनीही पाठ केलेला असतो. पण ते वर चढून बाजूला सरकले आहे, हे भरलेल्या मूत्राशयाचे लक्षण होय, आणि भरलेले मूत्राशय गर्भाशयाला नीट आकुंचन पावू देत नाही. हे ज्यांनी ओळखले त्या मूत्राशयाकडे वळल्या. प्रश्नात दोन्ही लक्षणे एकत्र घातल्याने दोन उत्तरे समर्थनीय झाली. गर्भाशय मऊ पण मध्यरेषेवर आहे, असे लिहिले तर मालिश निर्विवाद ठरते. घट्ट पण सरकलेले आहे, असे लिहिले तर मूत्राशय. झालेल्या चाचणीत मात्र दोन्ही उत्तरांना गुण देणे किंवा प्रश्न रद्द करणे हाच न्याय होय. नाही तर नीट विचार करणारी मुलगी एका गुणाने मागे पडते, प्रसंगी नापासही होते.

चौथ्या पर्यायाकडेही नजर टाकावी. पाय उंच करणे वरच्या गटात कोणीच निवडले नाही, खालच्या गटात दोघींनी; म्हणजे हा चकवा आपले काम करतो आहे. दोन्ही गटांत ज्याला कोणीच हात लावीत नाही, तो पर्याय केवळ जागा अडवितो.

या आकड्यांवर भार किती टाकावा, हेही समजून घ्यावे. सोळांच्या गटात एका मुलीने मत बदलले की भेदन निर्देशांक ०.०६ ने हलतो. वर्गात वीसच विद्यार्थिनी असतील तर गट पाचांचा होतो आणि एकीमुळे ०.२० चा फरक पडतो. तेथे निर्देशांकापेक्षा मोजलेली डोकी पाहणे बरे, व दोन-तीन वर्षांची उत्तरे एकत्र केल्यावाचून प्रश्न कायमचा बाद करू नये.

शिवाय अतिसोप्या प्रश्नाला मोठा भेदन निर्देशांक मिळूच शकत नाही. बत्तिसांपैकी तीस बरोबर असतील, तर दोन्ही चुका खालच्या गटात धरल्या तरी तो ०.१३ च्या पुढे जात नाही. रक्त चढविण्यापूर्वी रुग्णाची ओळख पटविण्याविषयीचा प्रश्न असा निघाला, तर तो दंडकावर बोट ठेवून काढून टाकणे चूक ठरेल. तो प्रत्येकीला आलाच पाहिजे. तेथे निर्देशांक बाजूस ठेवून ज्या दोघी चुकल्या त्यांना बोलावून घ्यावे, आणि वॉर्डात पाठविण्यापूर्वी पिशवीवरील नाव, नोंदणी क्रमांक व रक्तगट रुग्णाशी कसे ताडून पाहावयाचे, ते पुन्हा करवून घ्यावे.