अॅप काढण्याआधी कॅशे पाहा

गूगल मॅप्स अडखळू लागले की अनेकजण ते थेट काढून टाकायला निघतात. त्याआधी अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये, मॅप्सच्या Storage & cache या पानावर जावे. तिथे अॅपचा आकार, वापराचा डेटा आणि कॅशे वेगवेगळे दिसतात.

नकाशाचे तुकडे अर्धवट उमटत असतील, तर Clear cache पुरेसे ठरू शकते. कॅशे म्हणजे पुन्हा आणता येणारा तात्पुरता साठा. तो पुसला तरी लॉगिन, सेटिंग्ज शाबूत राहतात. जागा मात्र थोड्याच दिवसांत पुन्हा भरते.

त्याने भागले नाही, तर Clear storage. यात अॅप पहिल्या दिवसासारखे कोरे होते, डाउनलोड केलेले ऑफलाइन नकाशे जातात. खात्यात जतन केलेली ठिकाणे टिकतात. व्हॉट्सअॅपवर मात्र हे बटण बॅकअपशिवाय कधीही दाबू नये, संभाषणे जातील.

अॅप काढून पुन्हा घेणे हा याहून खात्रीचा उपाय वाटतो, पण तसे नेहमीच नसते. अनेक अॅप्सच्या सेटिंग्जचा बॅकअप गूगल खात्यात असतो आणि नव्याने घेताना तो आपोआप परत येऊ शकतो, बिघडलेल्या सेटिंगसकट. वापरात नसलेले किंवा स्वतःच अवाढव्य असलेले अॅप असेल, तेव्हा अनइन्स्टॉल योग्य.