पंधराचा डबा, पंचवीसचं पोतं : एकाच नमुन्यातल्या दरपत्रकाबद्दलचे गैरसमज

दीडशे-दोनशे मुलांच्या वसतिगृहाची खानावळ चालवायची तर दर महिन्याला किराण्याचे भाव मागवावे लागतात. पुण्यात असाल तर मार्केट यार्डाच्या भुसार विभागातले दोन-तीन व्यापारी, एखादा तेलाचा वितरक आणि जवळचा एक मोठा किराणा दुकानदार, एवढ्यांकडून याद्या येतात. एक छापील पत्रक पाठवतो, दुसरा संगणकातून काढलेली सहा पानी यादी आणि तिसरा वहीच्या पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो. मग व्यवस्थापक म्हणतो, ‘सगळ्यांना एकच तक्ता पाठवू, म्हणजे काम सोपं होईल.’ विचार बरोबर आहे. मात्र तो तक्ता आणि त्यासोबतचं पत्र कसं असावं, याबद्दल बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज : भाव शेजारी-शेजारी आले की तुलना झाली

तेलाचंच उदाहरण घेऊ. आकडे मी हिशेबासाठी कल्पून घेतलेत, पण भाव लिहिण्याची पद्धत बाजारातलीच आहे. पहिला व्यापारी लिहितो : सूर्यफूल तेल, १५चा डबा, २,२५० रुपये. दुसरा लिहितो : सूर्यफूल तेल, १५चा डबा, २,१७५ रुपये. दोघांचा ब्रँड एकच, आणि दुसरा ७५ रुपयांनी स्वस्त दिसतो.

पहिल्याचा डबा १५ किलोचा आहे. दर कर सोडून आहे आणि पोच मोफत. ५ टक्के जीएसटी धरला की डबा २,३६२ रुपये ५० पैशांना, म्हणजे किलोला १५७ रुपये ५० पैशांना पडतो. दुसऱ्याचा डबा १५ लिटरचा आहे. तेल पाण्याहून हलकं असल्याने लिटरभर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं, म्हणून या डब्यात १३ किलो ६५० ग्रॅमच तेल असतं. त्याच्या दरात कर धरलेला आहे, पण हमाली डब्यामागे १५ रुपये वेगळी. एकूण २,१९० रुपये भागिले १३.६५, म्हणजे किलोला १६० रुपये ४४ पैसे. स्वस्त दिसणारा डबा किलोमागे जवळपास तीन रुपयांनी महाग निघाला. महिन्याला ६०० किलो तेल लागत असेल तर फरक साडेसतराशेच्या पुढे जातो.

यात कोणी फसवलेलं नाही. दोघांनी आपापल्या रोजच्या पद्धतीने भाव लिहिला. तक्त्यात ‘दर’ असा एकच रकाना ठेवला असता तर २,२५० आणि २,१७५ हेच आकडे नीटनेटके शेजारी बसले असते आणि चुकीचा निर्णय अधिक आत्मविश्वासाने झाला असता. म्हणून वजनाचा रकाना हवा, तो किलोतच भरायला सांगायचा आणि डब्यावर छापलेलं निव्वळ वजनच लिहायला सांगायचं. छापील वजनाचा आग्रह उगाच नाही. तेल तापलं की फुगतं. काही उत्पादक ६० अंश तापमानाला मोजलेलं आकारमान छापत असत, त्यामुळे तेवढ्याच लिटरमध्ये तेल वजनाने कमी भरायचं. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने तापमानाचा उल्लेख काढून वजनही बरोबरच छापायला सांगितलं ते याच कारणाने.

गैरसमज : जीएसटी सगळ्यांना सारखाच, त्याला वेगळा रकाना कशाला?

डाळीच्या पोत्यापाशी हा समज कोसळतो. १८ जुलै २०२२ पासून पॅकबंद, लेबल लावलेल्या डाळी, तांदूळ आणि पिठांवर ५ टक्के कर लागू झाला, पण पॅक २५ किलोपर्यंतचा असेल तरच. त्याहून मोठ्या पोत्याला हा कर नाही. म्हणूनच बाजारात २६ आणि ३० किलोची पोती दिसू लागली.

आता एकाने तूरडाळ २५ किलोच्या पोत्यात ३,००० रुपये अधिक कर अशी दिली. दुसऱ्याने ३० किलोचं पोतं ३,६९० रुपयांना दिलं, कर नाही. कर सोडून पाहिलं तर पहिल्याची डाळ १२० रुपये किलो आणि दुसऱ्याची १२३. कर धरला की पहिल्याची १२६ होते आणि क्रम उलटतो.

कोणता आकडा खरा, हे खरेदी करणाऱ्यावर ठरतं. भरलेल्या कराचं क्रेडिट मिळणाऱ्या दुकानाने कर सोडूनच तुलना करावी, कारण तो पैसा त्याला वळता होतो. वसतिगृहाच्या खानावळीला सहसा क्रेडिट मिळत नाही. ५ टक्क्यांनी जेवणाचं बिल करणाऱ्या उपाहारगृहालाही मिळत नाही, कारण तो दर मुळात क्रेडिट न घेण्याच्या अटीवरचा आहे. अशांसाठी कर हा सरळ खर्च आहे. म्हणून दर करविरहित मागवायचा, टक्का वेगळ्या रकान्यात मागवायचा आणि बेरीज आपण करायची. पोत्यावर लेबल आहे का, माल संस्थेला म्हणून विकला जातोय का, यांवरही कर बदलू शकतो. त्या वादात आपण पडायचं नाही. ‘बिलात जो टक्का लावणार तोच लिहा’ एवढं पत्रात पुरे. तुपापुढे १२ टक्के लिहून आलं तर मात्र फोन करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून तूप ५ टक्क्यांवर आलं आहे, म्हणजे समोरच्याने जुनीच यादी उतरवली असण्याची शक्यता मोठी.

गैरसमज : ‘आमच्या नमुन्यात पाठवा’ असं कळवलं की पुरतं

पुरत नाही. रिकामा तक्ता गेला की एकजण ‘तूरडाळ’ लिहितो, दुसरा ‘तूर फटका’, तिसरा ब्रँडचं नाव, आणि मग या तीन ओळी एकाच मालाच्या आहेत का हे ठरवण्यातच दुपार जाते. वस्तूंची नावं आणि प्रत आपणच भरून पाठवायची. व्यापाऱ्याने फक्त आकडे लिहायचे. तक्त्याच्या वर एक ओळ नमुना म्हणून भरून दाखवली तर निम्मे फोन वाचतात.

पत्र लांब नको. साधारण असं :

> स. न. वि. वि.
>
> आमच्या खानावळीसाठी पुढील महिन्याचा किराणा घ्यायचा आहे. सोबत ३२ वस्तूंचा तक्ता जोडला आहे. पहिले तीन रकाने आम्ही भरले आहेत, ते बदलू नयेत व ओळी पुढे-मागे करू नयेत. आपण ब्रँड, एका पॅकचं निव्वळ वजन (किलोत), एका पॅकचा दर (कर सोडून), जीएसटीचा टक्का, आणि हमाली-गाडीभाडे मिळून पॅकमागे येणारा पोच खर्च एवढंच भरावं. जी वस्तू आपल्याकडे नाही तिचा दर कोरा ठेवावा, शून्य लिहू नये. भाव सोमवारचे असावेत व शनिवारपर्यंत लागू राहावेत. रोखीची सूट, उधारीची मुदत किंवा ठरावीक पोत्यांवरची सवलत शेऱ्यात लिहावी, दरातून वजा करू नये. आपली नेहमीची यादीही सोबत पाठवल्यास हरकत नाही.
>
> कळावे, लोभ असावा.

यातलं प्रत्येक वाक्य एकेका गोंधळावरचा उपाय आहे. सोमवारची अट घातली कारण भुसार मालाचे आणि तेलाचे भाव रोज हलतात. एकाचा सोमवारचा आणि दुसऱ्याचा गुरुवारचा भाव शेजारी ठेवला तर आपण व्यापाऱ्यांची नव्हे, बाजाराच्या दोन दिवसांची तुलना करतो. सवलत शेऱ्यात मागितली, कारण ‘रोख दिल्यास २ टक्के सूट’ हा दर धरायचा आणि बिल महिन्याने भरायचं, असं घडू शकतं.

गैरसमज : एक्सेलमध्ये आलं म्हणजे हिशेब आपोआप बरोबर

समजा A ते C मध्ये अनुक्रमांक, वस्तूचा संकेत आणि वस्तूचं नाव प्रतीसह, D मध्ये ब्रँड, E मध्ये किलो, F मध्ये दर, G मध्ये कराचा टक्का, H मध्ये पोच खर्च आणि I मध्ये शेरा आहे. J मध्ये किलोमागचा खरा खर्च काढायचा :

```
=IF(OR(E2="",F2=""),"",(F2*(1+G2/100)+H2)/E2)
```

सुरुवातीची `IF` नुसती सजावट नाही. दर कोरा आणि वजन भरलेलं असेल तर तिच्याविना उत्तर शून्य किंवा नुसता पोच खर्च येतं, आणि माल नसलेला व्यापारी सगळ्यात स्वस्त ठरतो. शून्य लिहू नये ही विनंती त्यासाठीच, कारण लिहिलेलं शून्य या सूत्रालाही ओळखता येत नाही.

याहून लबाड चूक टक्क्याची. कोणी G मध्ये `5` ऐवजी `5%` टाईप केलं तर एक्सेल त्याला ०.०५ समजतं. सूत्र त्याला पुन्हा शंभराने भागतं आणि कर जवळजवळ नाहीसा होतो. तक्ता चुकल्याचं कुठेच दिसत नाही, फक्त तो व्यापारी स्वस्त होतो. त्या रकान्यात ०, ५ आणि १८ एवढेच पर्याय ठेवले तर टाईप करताना ही चूक होत नाही. दुसरीकडून चिकटवलेला आकडा मात्र ही तपासणी चुकवून आत शिरतो, म्हणून उत्तर आल्यावर G रकान्यावरून एकदा नजर फिरवावीच. ‘२२५० रु.’ असं अक्षरांसकट लिहिलेलं असेल तर एक्सेल निदान `#VALUE!` म्हणून ओरडतं.

ओळी पुढे-मागे करू नयेत असं सांगूनही कोणीतरी नसलेल्या वस्तूंच्या ओळी पुसतोच. मग खालचे सगळे दर एकेक ओळ वर सरकतात आणि साखरेसमोर मिठाचा भाव येतो. दुसऱ्या रकान्यातला संकेत याच्यासाठी असतो. सगळ्या याद्या शेजारी चिकटवण्याऐवजी संकेतावरून दर उचलून आणावेत.

गैरसमज : नमुना मागितला की व्यापारी नाराज होतात

चाळीस रकान्यांचा तक्ता आला तर होतीलच. त्यात एचएसएन क्रमांक, उत्पादकाचा पत्ता, छापील किंमत असं सगळं मागितलेलं असतं आणि पुढे त्याचा कोणी उपयोग करत नाही. पाच रकाने आणि तीस-बत्तीस वस्तू असतील तर दुकानातला मुलगा ते अर्ध्या तासात भरतो, आणि सहा पानी यादी शोधून पाठवण्यापेक्षा ते त्यालाही सोयीचं पडतं. एचएसएन हवाच असेल तर तो रकाना आधी ‘मजकूर’ म्हणून ठरवून ठेवा, नाहीतर डाळींचा 0713 हा क्रमांक पुढचं शून्य गमावून 713 होतो.

संगणक न वापरणारा व्यापारी यादीतून गळावा असं मुळीच नाही. अनेकदा चांगला माल त्याच्याकडेच असतो. त्याला तोच तक्ता छापून द्यावा, त्याने हाताने भरून सही करावी आणि टाईप आपण करावं. टाईप केलेली प्रत त्याला एकदा वाचून दाखवावी.

गैरसमज : J रकान्यात सगळ्यात कमी आकडा ज्याचा, त्यालाच ऑर्डर

J फक्त किलोचा खर्च सांगतो. १२३ रुपयांच्या डाळीत खडे आणि सालं किती, ती शिजायला किती वेळ घेते, हे त्यात नाही. कमी दराच्या दोघांकडून प्रत्येक मुख्य वस्तूचा अर्धा-अर्धा किलो नमुना मागवावा, आचाऱ्याकडून शिजवून घ्यावा आणि नमुन्याची पुडी तारीख घालून ठेवून द्यावी. माल आला की पहिलं पोतं त्या पुडीशी ताडून पाहता येतं, आणि तेलाचा एखादा डबा काट्यावर ठेवून, रिकाम्या डब्याचं वजन वजा करून, लेबलावरच्या आकड्याशी जुळवता येतो.