सी वायर नसली की थर्मोस्टॅट का मालवतो

अमेरिकेत जुनं घर घेतलेल्या अनेक मराठी कुटुंबांना पहिल्या हिवाळ्यात हा अनुभव येतो. जुना थर्मोस्टॅट काढून वायफायवर चालणारा नवा बसवला जातो, तो काही आठवडे नीट चालतो आणि एका थंड सकाळी त्याची स्क्रीन काळी दिसते. यंत्र बिघडलं असं समजून ते परत करण्याची घाई बहुतेक जण करतात. दोष मात्र बऱ्याचदा भिंतीतल्या वायरींत असतो.

तिकडच्या घरांत तळघरातली गॅसची फर्नेस आणि बाहेरचं एसीचं युनिट या दोन्हींवर एकच थर्मोस्टॅट हुकूम चालवतो. त्याच्याकडे येणाऱ्या वायरींत घरातली १२० व्होल्टची वीज नसते. फर्नेसमधला छोटा ट्रान्सफॉर्मर ती २४ व्होल्टवर आणतो. या ट्रान्सफॉर्मरचं एक टोक ‘आर’ आणि दुसरं ‘सी’, म्हणजे कॉमन. आर आणि डब्ल्यू जोडले की फर्नेस पेटते, आर आणि वाय जोडले की एसी सुरू होतो, आर आणि जी जोडले की नुसता पंखा फिरतो. प्रत्येक वेळी वीज आरमधून निघते, त्या त्या रिलेच्या कॉइलमधून जाते आणि सीवर परतते. हा परतीचा रस्ता फर्नेसच्या आतच पूर्ण होतो.

म्हणूनच जुन्या थर्मोस्टॅटला सी लागत नसे. पाऱ्याची नळी असलेला गोल थर्मोस्टॅट म्हणजे निव्वळ एक बटण होतं. त्याला स्वतःला वीज लागत नव्हती, मग घर बांधणाऱ्याने भिंतीपर्यंत चारच वायरी जोडल्या तरी अडत नसे. नव्या थर्मोस्टॅटची स्क्रीन आणि वायफाय यांना मात्र चोवीस तास वीज हवी, आणि त्यासाठी आर व सी दोन्ही टोकं भिंतीवर हवीत.

सी नसेल तर काही थर्मोस्टॅट एक युक्ती करतात. एसी किंवा फर्नेस बंद असताना ते वाय किंवा डब्ल्यूवरच्या कॉइलमधून बारीकसा प्रवाह ओढतात, रिले ओढला जाणार नाही इतका बारीक, आणि आतली छोटी बॅटरी चार्ज करतात. अडचण फर्नेस चालू झाल्यावर येते. तेव्हा थर्मोस्टॅटने आर आणि डब्ल्यू एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे त्या दोन टोकांमध्ये व्होल्टेजच उरत नाही. कडाक्याच्या थंडीत फर्नेस तासन्‌तास चालते, चार्जिंगला फारच थोडी फट मिळते आणि बॅटरी हळूहळू रिकामी होते. आधी वायफाय तुटतं, मग स्क्रीन मालवते. नव्या यंत्राच्या बॅटरीत सुरुवातीला थोडा चार्ज असतो, म्हणून बसवल्या दिवशी सगळं ठीक वाटतं. काही घरांत तो चोरटा प्रवाहही रिलेला जास्त होतो आणि फर्नेसमधून टकटक ऐकू येते.

मल्टीमीटर इथे सहज फसवतो. थर्मोस्टॅट काढून आर आणि वायमध्ये मोजलं तर मीटर २४ व्होल्टच्या आसपास दाखवतो, कारण तो स्वतः जवळजवळ प्रवाह घेत नाही. त्यावरून वीज पोहोचते आहे असं वाटतं, पण पुरेसा प्रवाह त्या कॉइलमधून ओढता येत नाही. खरी परीक्षा आर आणि सी यांच्यात. तिथे २४ ते २८ व्होल्ट दिसले तर सी जोडलेली आहे. तरीही स्क्रीन काळी असेल तर दोष थर्मोस्टॅटच्या बसवणीत किंवा त्याच्यात असू शकतो. काहीच दिसलं नाही तर फर्नेसच्या बोर्डवरचा तीन किंवा पाच अँपियरचा फ्यूज उडालेला नाही ना, आणि फर्नेसचं झाकण नीट बसलंय ना, ते बघा. झाकण सैल असलं की तिथलं सुरक्षा बटण वीजच तोडतं.

न्यू जर्सीतल्या एखाद्या घरात बहुधा असं दिसतं: पाच तारांची केबल, चार जोडलेल्या आणि पाचवी निळी तार वेटोळं करून मागे सरकवलेली. मग आधी फर्नेसचा मुख्य स्विच बंद करायचा. बोर्डवर त्याच केबलची निळी तार शोधून ती सीच्या स्क्रूखाली घ्यायची. तिथे बाहेरच्या युनिटची तार आधीच असेल, तिला हलवायचं नाही. मग भिंतीकडचं टोक सीमध्ये घालायचं. रंगावर भरवसा ठेवू नका, दोन्ही टोकांना अक्षर वाचा. वीज चालू असताना आर आणि सीची टोकं एकमेकांना लागली तर तो फ्यूज क्षणात जातो.

पाचवी तार नसेल तर नवी केबल ओढणं सर्वांत नीट. ते जमत नसेल तर फर्नेसजवळ बसवायचा अ‍ॅडाप्टर मिळतो, तो असलेल्या चार वायरींतूनच सीची सोय करतो. जीची वायर काढून ती सी म्हणून वापरणारेही आहेत. त्यात नुसता पंखा चालवण्याची सोय जाते, आणि फर्नेसच्या बोर्डवर वाय व जी जोडले नाहीत तर उन्हाळ्यात एसी चालू होतो पण घरात वारा येत नाही.